बडोद्यात बसून परदेशी रिक्रूटरच्या यादीत: एका पाइप स्ट्रेस इंजिनिअरचं लिंक्डइन प्रोफाइल

कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी आणि नंदेसरीचे कारखाने यांच्यामुळे बडोद्यात पाइपिंगची डिझाइन ऑफिसं गल्लोगल्ली झाली आहेत. त्यातल्याच एका ऑफिसात मी नऊ वर्षं पाइप स्ट्रेसचं काम केलं. या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गरम वाफ किंवा तेल वाहणारी नळी तापली की लांबते. तिला लांबायला जागा दिली नाही तर पंपाच्या तोंडावर जोर येतो, फ्लँजचे जोड गळायला लागतात. ती जागा कुठे आणि किती ठेवायची, आधार कुठे द्यायचे, याचं गणित म्हणजे आमचं काम. आमच्याकडचे बरेचसे प्रकल्प परदेशी ग्राहकांचे होते. पण परदेशातल्या कुणी भरती करणाऱ्याने मला कधी विचारलं नव्हतं.

जानेवारी २०२४ मध्ये मी प्रोफाइल हातात घेतलं आणि नोव्हेंबरात नेदरलँड्समधल्या एका कंपनीच्या करारावर सही केली. मधल्या काळात काय केलं, कुठे थांबावं लागलं, हे माझ्यामागून ऑफिसात आलेल्या दोन मुलींनी विचारलं. त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे सलग लिहिते.

सुरुवातीला माझ्याकडे मोजता येण्यासारखी एकच गोष्ट होती. लिंक्डइनच्या ॲनालिटिक्समध्ये ‘सर्च अपिअरन्सेस’ असतं. मागच्या आठवड्यात किती वेळा शोधात आपलं नाव आलं, शोधणारे कोणत्या कंपन्यांतले आणि कोणत्या हुद्द्यांवरचे, हे त्यात थोडंफार कळतं. माझा आकडा एक अंकी होता आणि शोधणारे बहुतेक अहमदाबाद-मुंबईचे. प्रोफाइल भरलेलं होतं, फोटो होता, शिक्षण होतं. हुद्दा कंपनीच्या पत्रात होता तसाच लिहिलेला होता: डेप्युटी मॅनेजर, इंजिनिअरिंग.

माझ्या मैत्रिणीची नणंद रॉटरडॅमजवळ इंजिनिअर भरती करणाऱ्या एजन्सीत काम करते. एका शनिवारी दुपारी तिने व्हिडिओ कॉलवर तिचं काम कसं चालतं ते दाखवलं. भरती करणारे लोक लिंक्डइनचं वेगळं, पैसे देऊन घ्यायचं साधन वापरतात. त्यात हुद्दा, ठिकाण, कौशल्य, शब्द अशा चाळण्या लावता येतात. चाळण्या लावल्या की यादी येते आणि प्रत्येक माणसाची एक छोटी पट्टी दिसते: फोटो, नाव, हेडलाइन, सध्याची नोकरी, गाव. बाकीचं प्रोफाइल तिने पट्टीवर क्लिक केलं तरच उघडतं.

“ताई, मग मी यात कुठे आहे?” मी विचारलं.

“नाहीसच,” ती म्हणाली. “मी पाइप स्ट्रेस इंजिनिअर शोधतेय. तू डेप्युटी मॅनेजर आहेस. इथे डेप्युटी मॅनेजर कुणी शोधतच नाही गं. आणि यादीत आलीस तरी त्या पट्टीवरून मला कळायला हवं की तू बॉयलरवाली आहेस, पाइपवाली आहेस की माणसं सांभाळतेस.”

पुढच्या सगळ्या महिन्यांचा क्रम मला त्या बोलण्यातून मिळाला. आधी चाळणीतून पार व्हायचं, मग पट्टीवर एका नजरेत कळायचं, मग प्रोफाइल उघडणाऱ्याला पुरावा द्यायचा. हे तीन टप्पे वेगळे आहेत आणि प्रत्येकाची सामग्रीही वेगळी लागते.

हुद्द्यापासून सुरुवात केली. आपल्याकडे हुद्दा पगाराच्या श्रेणीवरून ठरतो, तर तिकडे शोध कामाच्या नावावरून होतो. पण कंपनीच्या पत्रातला हुद्दा पुसून टाकणंही बरं नाही, कारण नोकरी पक्की होताना पार्श्वभूमी तपासतात आणि अनुभवपत्राशी प्रोफाइल जुळवून बघतात. म्हणून मी दोन्ही ठेवले, आधी काम आणि मग श्रेणी:

```
Senior Pipe Stress Engineer – Deputy Manager, Engineering
```

हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे. पण मोबाइलवर आणि शोधाच्या पट्टीवर त्यातले सुरुवातीचेच काही शब्द दिसतात, त्यामुळे सर्वांत कामाचे शब्द आधी यायला हवेत. मी बरेच मसुदे केले आणि शेवटी हे ठेवलं:

```
Pipe Stress Engineer | CAESAR II | ASME B31.3, EN 13480 | Pump & steam lines | Refinery, petrochemical | Open to relocate: Netherlands, Germany
```

यात ‘पॅशनेट’, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ असला एकही शब्द नाही, कारण त्या शब्दांनी कुणी इंजिनिअर शोधत नाही. सीझर टू हे आमचं गणिताचं सॉफ्टवेअर. बी ३१.३ हा प्रोसेस पाइपिंगचा अमेरिकन कोड आणि ईएन १३४८० हा औद्योगिक धातूच्या पाइपिंगचा युरोपीय. युरोपीय कोडवर मी एकच प्रकल्प केला होता, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या अहवालापर्यंत माझ्या हातचा. तेवढ्या आधारावर तो लिहिला आणि अनुभवाच्या रकान्यात ‘एक प्रकल्प’ असं स्पष्ट म्हटलं.

शब्द कोणते घ्यायचे हे मी जाहिरातींवरून ठरवलं. फेब्रुवारीभर रोज रात्री जेवणं झाली की नेदरलँड्स आणि जर्मनीतल्या पाइप स्ट्रेसच्या दोन-तीन जाहिराती वाचायच्या आणि त्यातले तांत्रिक शब्द वहीत टिपायचे. शब्द पुन्हा आला की पुढे रेघ. महिन्याअखेर वहीकडे बघून तीन गोष्टी समजल्या.

पहिली गोष्ट म्हणजे एकच वस्तू लोक वेगवेगळी लिहितात. कुणी CAESAR II लिहितं, कुणी Caesar 2. मी हेडलाइनमध्ये एक रूप ठेवलं आणि दुसरं ‘अबाउट’च्या मजकुरात आणलं. दुसरी गोष्ट म्हणजे युरोपात नुसतं ‘स्ट्रेस इंजिनिअर’ म्हटलं की विमानाच्या सांगाड्याचं गणित करणारा माणूस समजतात. एका आठवड्यात माझ्या सर्च अपिअरन्सेसमध्ये विमानांचे भाग बनवणाऱ्या कंपन्या दिसल्या, त्याचं कारण हेच. मजकुरात जिथे जिथे ‘स्ट्रेस’ होतं तिथे ‘पाइप’ जोडल्यावर पुढच्या आठवड्यांत त्यांच्या जागी इंजिनिअरिंग कंत्राटदार आणि भरती एजन्सी दिसू लागल्या. शब्द बरोबर लागले का, हे ओळखायची माझ्या हाती असलेली सर्वांत चांगली खूण म्हणजे शोधणाऱ्या कंपन्यांची ही यादी. शोधाचा आकडा वाढला पण कंपन्या भलत्याच असतील, तर शब्द भलत्याच दाराशी नेत आहेत असं समजावं.

तिसरी गोष्ट जर्मन जाहिरातींची. त्यात रोर टू हे सॉफ्टवेअर वारंवार येत होतं. मी ते कधी वापरलेलं नाही, म्हणून ते प्रोफाइलवर कुठेही लिहिलं नाही. त्या शब्दाने चार शोध जास्त मिळाले असते, पण पहिल्याच तांत्रिक फोनवर ते उघड झालं असतं आणि ती एजन्सी पुन्हा कधी फिरकली नसती.

आपण शोधात दिसतो का, हे साध्या शोधपट्टीतूनही तपासता येतं. मी अशी ओळ टाकायचे:

```
"pipe stress" AND ("CAESAR II" OR "Caesar 2") AND "B31.3"
```

AND आणि OR मोठ्या लिपीतच हवेत आणि अवतरणचिन्हं सरळ हवीत. मोबाइलच्या कीबोर्डवरून वळणदार चिन्हं पडली तर शोध बिघडतो. शोधाचे निकाल शोधणाऱ्याच्या ओळखीपाळखीवर अवलंबून असतात, म्हणून स्वतःच्या खात्यातून बघून फारसं कळत नाही. आपल्याशी जोडलेल्या नसलेल्या कुणाला तरी ही ओळ टाकून बघायला सांगावं. मी मांजलपूरच्या एका भाच्याकडून बघून घेतलं. तो बँकेत आहे, पाइपिंगशी त्याचा दूरचाही संबंध नाही. आणखी एक, मोफत खात्यातून फार शोध केले तर लिंक्डइन महिनाअखेरपर्यंत शोध मर्यादित करतं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ते पुन्हा मोकळं होतं.

ठिकाणाचं थोडक्यात सांगते. माझ्या ओळखीच्या एकाने गावाच्या जागी सरळ ॲमस्टरडॅम लिहिलं होतं. त्याला फोन येत आणि ‘सोमवारपासून साइटवर येता का’ असं विचारलं की संपत. मी वडोदराच ठेवलं आणि ‘ओपन टू वर्क’मध्ये जायची तयारी असलेली ठिकाणं भरली. रिक्रूटरच्या साधनात ‘इथे राहणारे’ आणि ‘इथे यायला तयार असलेले’ अशी चाळणी असते, तिथे हे उपयोगी पडतं. ओपन टू वर्क दोन प्रकारे लावता येतं: सगळ्यांना दिसेल असं, फोटोभोवती हिरवी पट्टी घेऊन, नाहीतर फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असं. मी दुसरं घेतलं. आपल्याच कंपनीच्या भरती विभागाला ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण पूर्ण हमी देत नाही. बडोद्याच्या पाइपिंगवाल्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे ही बातमी माझ्या लीड सरांना बाहेरून कळण्याआधी मीच त्यांना सांगितली. ते एवढंच म्हणाले, “जा बेटा, पण हातातलं युनिट पूर्ण करून जा.”

सर्वांत जास्त वेळ आणि विचार लागला तो प्रकल्पांच्या पुराव्याला.

वास्तुविशारद इमारतीचा फोटो लावू शकतो, प्रोग्रॅमर कोड दाखवू शकतो. आमचं काम म्हणजे ग्राहकाच्या मालकीचे नळ्यांचे आयसोमेट्रिक नकाशे आणि अहवाल, सगळे गोपनीयतेच्या करारात बांधलेले. नाव खोडलेला एक कागद लावला तरी करारभंग होऊ शकतो, कारण लाइन नंबरवरूनही जाणकाराला प्रकल्प कळतो. आणि परदेशी कंपनीने तो कागद पाहिला, तर उद्या हा माणूस आमचेही कागद असेच लावेल, असा अर्थ ती काढणारच.

मार्चमध्ये मी एचआरला ईमेल लिहिला: प्रकल्पाचं नाव न घेता युनिटचा प्रकार, साधारण आकार आणि माझी भूमिका प्रोफाइलवर लिहिली तर चालेल का? सोबत मसुदा जोडला. ईमेल लीगलकडे गेला, तिथून पाइपिंगच्या विभागप्रमुखांकडे, आणि लेखी उत्तर यायला महिनाभर लागला. मसुद्यातून त्यांनी देशाचं नाव काढायला सांगितलं, बाकी मान्य केलं. एका प्रकल्पाबद्दल ग्राहकाने स्वतः प्रसिद्धिपत्रक काढलेलं होतं, त्यामुळे तेवढ्याचं नाव घ्यायला परवानगी मिळाली. हे उत्तर मी जपून ठेवलं आहे. विचारायला संकोच वाटतो हे खरं, पण लेखी परवानगी हातात आली की लिहिताना हात मोकळा होतो.

माझ्या बायोडेटात आधी एक वाक्य होतं: रिफायनरी प्रकल्पातल्या क्रिटिकल लाइनच्या स्ट्रेस ॲनालिसिसची जबाबदारी. हे वाक्य बडोद्यातल्या प्रत्येक स्ट्रेस इंजिनिअरच्या बायोडेटात आहे, त्यामुळे त्यातून माझ्याबद्दल काहीच कळत नाही. मी स्वतःला चार प्रश्न विचारले: युनिट कसलं होतं, त्यात अडचण काय होती, निर्णय माझा कोणता होता आणि तो टिकला हे कशावरून कळलं? त्यातून आलेला मजकूर मराठीत सांगायचा तर असा: ‘चालू रिफायनरीतल्या युनिटचा विस्तार. जुन्या पंपांना नव्या सक्शन लाइन जोडायच्या होत्या, पण जुन्या पाइप रॅकमुळे लूपला, म्हणजे लांबी सामावणाऱ्या वळशाला, जागा नव्हती. पंपाच्या नोझलवरचा, म्हणजे तोंडावरचा, जोर एपीआय ६१० या पंपांच्या मानकाच्या मर्यादेबाहेर जात होता. लाइनचा मार्ग एका पातळीने वर घेऊन आणि दोन आधारांचा प्रकार बदलून जोर मर्यादेत आणला. पंप बनवणाऱ्याने नोझलचे आकडे कोणत्याही सवलतीशिवाय मान्य केले.’ ग्राहक, देश, लाइन नंबर यांपैकी काहीच यात नाही. पण हे काम करणाऱ्याला ते वाचताक्षणी कळतं की लिहिणारीने ते खरंच केलं आहे.

तरीही हे सगळं माझ्या शब्दांवरच उभं होतं. दाखवता येईल असा एखादा कागद हवा होता, म्हणून मी एक काल्पनिक लाइन घेतली आणि तिचं गणित हाताने केलं. ऑफिसचं सॉफ्टवेअर वापरलं नाही, कारण तो परवाना कंपनीच्या कामासाठी आहे आणि घरच्या कामाला वापरणं त्याच्या अटींत बसत नाही. सहा इंची कार्बन स्टीलची लाइन, बारा मीटरचा सरळ भाग, तापमान १८० अंश सेल्सिअस. बसवताना २१ अंश धरलं तर फरक १५९ अंशांचा. एवढ्याने ती सुमारे २३ मिलिमीटर लांबते. ही वाढ झेलायला काटकोनातला भाग किती लांब हवा, याचा पहिला अंदाज गायडेड कँटिलिव्हरच्या सूत्राने येतो. त्यात L म्हणजे त्या भागाची लांबी, E पोलादाची ताठरता, D नळीचा बाहेरचा व्यास, Δ नळीची वाढ आणि S_A चालू शकणारा ताण:

```
L = √(3·E·D·Δ / S_A)
E = 203000 MPa, D = 168.3 mm, Δ = 23 mm, S_A = 207 MPa
L ≈ 3.4 m
```

त्यानंतरची दोन पानं मला जास्त महत्त्वाची वाटतात. हे सूत्र कोपऱ्यांची लवचीकता धरत नाही, आधारांवरचं घर्षण धरत नाही आणि पंपाच्या नोझलवर किती जोर येईल हे सांगत नाही. म्हणून ते कुठवर वापरायचं आणि कोणत्या क्षणी सॉफ्टवेअरकडे वळायचं, तिथे कोणत्या लोड केस, म्हणजे भारांच्या कोणत्या जोड्या, लावायच्या, हे मी लिहिलं. सूत्र पुस्तकात सापडतं. त्याची हद्द कुठे संपते हे मात्र काम केलेल्यालाच सांगता येतं, आणि तांत्रिक मुलाखत घेणारा तेच शोधत असतो. सहा पानांची पीडीएफ झाली. वर ठळक लिहिलं की उदाहरण काल्पनिक आहे, कोणत्याही ग्राहकाची माहिती नाही. प्रोफाइलच्या ‘फीचर्ड’ विभागात ती लावली आणि पहिल्या पानावर हाताने काढलेलं आयसोमेट्रिक ठेवलं, कारण उघडण्याआधी तेवढंच दिसतं. यावर पैसे काहीच गेले नाहीत, एप्रिलमधले सगळे रविवार मात्र गेले.

मग शिफारशी. लिंक्डइनवरची शिफारस आपल्याशी थेट जोडलेल्या माणसाकडूनच मागता येते, आणि मागताना त्या वेळचा आपला हुद्दा आणि त्यांच्याशी असलेलं नातं निवडावं लागतं. आली की ती प्रोफाइलवर दाखवायची, बदल सुचवायचा की बाजूला ठेवायची, हे आपण ठरवतो. मी तीन माणसं वेगवेगळ्या बाजूंनी निवडली: माझे लीड सर, पंप आणि कॉम्प्रेसरची बाजू बघणारी दुसऱ्या विभागातली बेन, आणि साइटवर आधार बसवून घेणारा बांधकामाचा इंजिनिअर. माझं गणित तपासणाऱ्याने, त्याचे आकडे वापरणाऱ्याने आणि ते लोखंडात उतरवणाऱ्याने, अशा तिघांनी बोलावं हा विचार होता.

आपल्याकडे ज्येष्ठांना शिफारस मागितली की ठरलेलं उत्तर येतं: “तूच लिहून पाठव, मी टाकतो.” लीड सरही तेच म्हणाले. त्यात त्यांचं प्रेमच असतं. पण तिन्ही शिफारशी माझ्या इंग्रजीत लिहिल्या गेल्या तर त्यांचा सूर एकच लागतो आणि वाचणाऱ्याच्या ते लक्षात येतं. शिवाय परदेशी कंपन्या पुढे संदर्भ म्हणून याच माणसांना फोन करतात, तेव्हा त्यांना स्वतः लिहिलेलं आठवायला हवं. म्हणून मी मजकूर लिहिला नाही, आठवणी पाठवल्या. “सर, विस्ताराच्या कामात पंपाच्या नोझलचा प्रश्न आला होता आणि आपण मार्ग बदलायचा निर्णय घेतला, ते तुम्हाला जसं आठवतं तसं चार ओळींत लिहाल का?” सरांनी आठवड्याभरात लिहिलं. त्यात माझ्या लक्षातही नसलेला एक तपशील होता: मी ग्राहकाच्या बैठकीत आकडे फळ्यावर मांडून दाखवले होते.

साइटवरच्या इंजिनिअरने पहिल्यांदा ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर’ असं लिहून पाठवलं. मी त्याला फोन केला, आभार मानले आणि विचारलं, “भाई, स्प्रिंग सपोर्टचं काय झालं होतं ते लिहिशील?” लिंक्डइनवरून बदलाची विनंती पाठवली. नवीन मजकूर यायला मेअखेर उजाडली, कारण तो शटडाउनच्या कामात अडकला होता. त्यात लिहिलं होतं की माझ्या नकाशांवर स्प्रिंगचे गरम आणि थंड दोन्ही भार स्पष्ट असत, त्यामुळे साइटवर स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या पिना कधी काढायच्या याचा गोंधळ झाला नाही. पुढे तांत्रिक मुलाखतीत याच वाक्यावर प्रश्न आला. शिफारस मागताना वीस-पंचवीस जणांना एकदम विनंती पाठवण्यापेक्षा तिघांशी फोनवर बोलणं कितीतरी फलदायी ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे. बदल्यात मीही तिघांसाठी लिहिलं, पण काही आठवड्यांच्या अंतराने. त्याच दिवशी लिहिलं की दोघांच्या शिफारशींवर एकच तारीख पडते आणि देवाणघेवाण केल्यासारखी दिसते.

जूनमध्ये जर्मन भाषेतलं दुसरं प्रोफाइल जोडलं. लिंक्डइनवर त्याच खात्यात दुसऱ्या भाषेचं प्रोफाइल ठेवता येतं आणि ज्याची भाषा जर्मन असेल त्याला ते दिसतं. जर्मन शिकवणाऱ्या एका बाईंकडून मजकूर तपासून घेतला. त्यांनी पंधराशे रुपये घेतले आणि एक महत्त्वाची सूचना केली. जर्मनीत ‘Ingenieur’ ही उपाधी राज्यांच्या कायद्यांनी संरक्षित आहे आणि परदेशी पदवीवर ती लावायला मान्यता लागते. म्हणून जर्मन हेडलाइनमध्ये मी स्वतःला उपाधी लावली नाही, कामाचं क्षेत्र लिहिलं: Rohrstatik, म्हणजे पाइप स्ट्रेस. भाषेच्या रकान्यात जर्मन ‘प्राथमिक’ असंच ठेवलं. पदवीच्या बाबतीत जर्मनीच्या अनाबिन या सरकारी संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम शोधून ठेवावा. मान्य संस्थेपुढे H+ अशी खूण असते. अभ्यासक्रम तिथे सापडला नाही तर झेडएबी या कार्यालयाकडून तुलनापत्र घ्यावं लागतं, त्याचं शुल्क तेव्हा २०८ युरो होतं. कुणी प्रत्यक्ष मागेपर्यंत मी तो खर्च करायचा नाही असं ठरवलं.

जुलैपासून संदेश येऊ लागले. पहिला आला तो नोकरीचाच नव्हता. कॅनडातलं काम, मुलाखत नाही, व्हिसाच्या फाइलसाठी आधी पंचेचाळीस हजार रुपये. पाठवणाऱ्याचं प्रोफाइल नुकतंच तयार केलेलं, आणि माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. हे वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भारतातून परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते, ती ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते, आणि नोंदणी असलेल्या एजंटलाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मी तो संदेश लिंक्डइनला कळवला आणि पुढे गेले.

खऱ्या संदेशांत पहिल्याच ओळीत माझ्या प्रोफाइलमधली एखादी गोष्ट असायची. प्रश्न ठरलेले होते: नोटीस किती, वर्षाच्या एकूण पगाराची अपेक्षा किती, कामाचा परवाना लागेल का, कुटुंब सोबत येणार का. नव्वद दिवसांची नोटीस ऐकून तिकडचे लोक दचकतात, कारण त्यांच्याकडे ती बऱ्याचदा महिनाभराची असते. म्हणून ती मी ‘अबाउट’च्या शेवटच्या ओळीत आधीच लिहून टाकली, त्याच ओळीत ‘स्पॉन्सरशिप लागेल’ हेही. त्यानंतर संदेश थोडे कमी झाले, पण आलेले पुढे जाऊ लागले. जर्मनीतलं एक बोलणं भाषेवर थांबलं. त्यांना साइटवर जर्मन बोलणारं माणूस हवं होतं, आणि ते रास्तच आहे.

सप्टेंबरमध्ये नेदरलँड्सच्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या भरती विभागाने संपर्क केला. मी लगेच डच इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयएनडीच्या, संकेतस्थळावरची मान्यताप्राप्त प्रायोजकांची यादी उघडून कंपनीचं नाव पाहिलं. उच्चकुशल कामगाराच्या परवान्यासाठी कंपनी त्या यादीत असावी लागते. नाव होतं. तांत्रिक मुलाखत आपल्या वेळेने दुपारी दीडला ठेवली, तेव्हा तिकडे सकाळचे दहा. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि सासूबाईंना म्हटलं, “आई, तासभर कुकर लावू नका.” मुलाखत घेणाऱ्याने माझी पीडीएफ स्क्रीनवर उघडली आणि विचारलं, अँकर, म्हणजे नळी जागच्या जागी पक्की धरणारा आधार, इथेच का, त्या बाजूला दोन मीटर का नाही? पुढचा बराच वेळ आम्ही त्या काल्पनिक लाइनवरच बोलत होतो. अँकर सरकवला तर लांबी कुठल्या बाजूला जाईल, घर्षण धरलं तर काय बदलेल, असं.

ऑक्टोबरात दुसरी फेरी झाली आणि लीड सरांना संदर्भासाठी फोन गेला. मग पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीने अनुभवपत्रं, पगाराच्या पावत्या आणि पदवी मागितली. तिथे हुद्द्याचा प्रश्न निघाला: पत्रात डेप्युटी मॅनेजर, प्रोफाइलवर पाइप स्ट्रेस इंजिनिअर. मी एचआरकडून एक ओळीचं पत्र आणलं, की या श्रेणीत माझं काम पाइप स्ट्रेसचं होतं. दोन्ही नावं प्रोफाइलवर आधीपासून सोबत होती, त्यामुळे तेवढ्यावर भागलं. हे पत्र नोकरी सोडण्याआधी मागून ठेवलेलं बरं, कारण बाहेर पडल्यावर एचआरच्या उत्तराला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो.

नोव्हेंबरात सही झाली. परवान्याचा अर्ज कंपनी करते, मी फक्त कागद पाठवते आहे. जन्मदाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का घ्यायचं काम चालू आहे, त्याबद्दल पूर्ण झाल्यावर वेगळं लिहीन. ओपन टू वर्क सहीच्या दिवशीच बंद केलं आणि ज्यांच्याशी बोलणी अर्धवट होती त्या रिक्रूटरांना दोन ओळींचा निरोप पाठवला. पीडीएफ तशीच ठेवली आहे. तिच्यातल्या अँकरच्या जागेबद्दल मुलाखतीत जी चर्चा झाली, ती नावं न घेता सातव्या पानावर जोडली आहे. ऑफिसातल्या त्या दोघी आता स्वतःची अशीच उदाहरणं तयार करत आहेत, एकीने कॉम्प्रेसरची लाइन घेतली आहे आणि दुसरीने जमिनीखालून जाणारी.